तुम्ही विचारलंत म्हणून: पंधरा शाफ्ट आणि ईआरपी

"सर, साठा ठरावीक पातळीला आला की मागवायचा, इतकं सोपं होतं सगळं. मग एमआरपी कशाला आली? आणि तिचं ईआरपी कसं झालं?"

त्या सोप्या पद्धतीचं गणित बरोबरच होतं. अडचण एवढीच की ते गणित ज्या मालाला लागू पडत नाही, त्यालाही लावलं जात होतं. माझी बरीच नोकरी पीपीसीत, म्हणजे उत्पादन नियोजनात गेली, म्हणून तिथल्याच उदाहरणाने सांगतो. आणि इथली एमआरपी म्हणजे पाकिटावर छापलेली किंमत नव्हे, मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग; आणि ईआरपी म्हणजे एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग.

रीऑर्डर पॉइंट, म्हणजे नवीन माल मागवायची ठरावीक पातळी, आपण घरीही वापरतो. शेवटचा भरलेला सिलिंडर शेगडीला जोडला की दुसरा बुक करायचा. नवीन येईपर्यंत किती खपेल, त्यात सावधगिरीचा थोडा जास्तीचा साठा मिळवायचा, आणि शिल्लक त्या आकड्याला टेकली की मागवायचं. एका वेळी किती मागवणं स्वस्त पडतं याचं सूत्र अमेरिकेत फोर्ड हॅरिस यांनी 1913 मध्ये मांडलं, आणि 1934 मध्ये आर. एच. विल्सन यांनी त्याला रीऑर्डर पॉइंटची जोड देऊन ते कारखान्यांपर्यंत नेलं. यामागे एक गृहीतक आहे: खप रोज थोडा थोडा, जवळपास सारखा होतो. दुकानातून विकल्या जाणाऱ्या मालाचं तसं होतंही.

आता एक पंपाचा कारखाना घ्या. आठवड्याला 20 पंप विकले जातात, पण असेंब्ली दर चार आठवड्यांनी एकदम 80 पंपांची लावतात, कारण दर वेळी लाइन बदलायला वेळ जातो. एका पंपाला एक शाफ्ट लागतो. म्हणजे शाफ्टची मागणी तीन आठवडे शून्य, चौथ्या आठवड्यात 80, पुन्हा तीन आठवडे शून्य. सरासरी मात्र आठवड्याला 20 दिसते. शाफ्ट तयार व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणून त्या काळातला खप 40, त्यात सावधगिरीचे 20, आणि रीऑर्डर पॉइंट झाला 60.

स्टोअरमध्ये 65 शाफ्ट आहेत. साठ्याची नोंद असलेलं बिन कार्ड बघणाऱ्याच्या दृष्टीने सगळं ठीक, 65 हे 60 पेक्षा जास्तच. चौथ्या आठवड्यात असेंब्ली 80 मागते आणि 15 कमी पडतात. ऑर्डर त्याच दिवशी काढली तरी शाफ्ट येणार सहाव्या आठवड्यात. उलट सुरुवातीला 100 शाफ्ट असते तर 80 गेल्यावर 20 उरले असते, लगेच 80 ची ऑर्डर निघाली असती, आणि सहाव्या आठवड्यात आलेला माल आठव्यापर्यंत नुसता पडून राहिला असता. हवं तेव्हा नाही आणि नको तेव्हा भरपूर, हे दोन्ही एकाच नियमातून घडतं.

अनेक भाग एकत्र लागतात तेव्हा हे आणखी बिघडतं. प्रत्येक भाग वेळेवर असण्याची शक्यता 95 टक्के धरली आणि पंपाला असे दहा भाग लागत असले, तर दहाही एकाच वेळी हजर असण्याची शक्यता साधारण 60 टक्केच उरते. सावधगिरीचा साठा वाढवत नेला तरी शॉर्टेज लिस्ट संपत नाही, याचं कारण हे आहे.

जोसेफ ऑर्लिकी यांनी यातला भेद स्पष्ट मांडला. चेकोस्लोव्हाकियात जन्मलेले हे गृहस्थ 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या जे. आय. केस या ट्रॅक्टर कंपनीत होते. गिऱ्हाईक किती पंप घेईल याचा अंदाज करावा लागतो, पण 80 पंप लावायचं ठरल्यावर शाफ्ट किती लागतील याचा अंदाज कशाला करायचा? तो आकडा सरळ हिशेबाने निघतो. पहिली मागणी स्वतंत्र, दुसरी तिच्यावर अवलंबून. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला खरा शोध हाच आहे, बाकीचा त्याचा विस्तार.

आपल्या पंपाला तो हिशेब लावू. चौथ्या आठवड्यात 80 हवेत, हातात 65, म्हणजे 15 कमी. दोन आठवडे मागे जा: शाफ्टची वर्क ऑर्डर दुसऱ्या आठवड्यात सुरू व्हायला हवी. त्या 15 शाफ्टसाठी कापलेले 15 बार दुसऱ्या आठवड्यात लागतील. पाच शिल्लक आहेत, बार यायला एक आठवडा लागतो, म्हणून 10 बारची खरेदी पहिल्या आठवड्यातच. वस्तू कशाकशाची बनते त्या यादीला बीओएम म्हणतात. तिच्या एकेक पायरीवर हाच हिशेब करत खाली उतरायचं.

कागदावर हे एका शाफ्टचं जमतं. ट्रॅक्टरच्या हजारो भागांचं, तेही वारंवार, हाताने जमत नव्हतं. आयबीएमने 1956 मध्ये डिस्कवर माहिती साठवणारा संगणक आणला आणि हव्या त्या भागाची नोंद थेट काढता येऊ लागली. त्यानंतर हा हिशेब चालवणं शक्य झालं. ऑलिव्हर वाइट आणि जॉर्ज प्लॉसल यांनी 1970 च्या दशकात त्याचा जोरात प्रचार केला.

पण एमआरपी दोन गोष्टी निमूट खरं मानून चालते. एक म्हणजे नोंदी. स्टोअरमधून तीन शाफ्ट घाईत उचलले आणि नोंद राहिली, की यंत्र 15 ऐवजी 18 सांगणार नाही. दुसरी म्हणजे मशीनवर जागा असेल हे. दुसऱ्या आठवड्यात लेथ आधीच भरलेली असली तरी एमआरपी 15 शाफ्ट तिथेच मांडते. म्हणून आधी क्षमतेचा ताळा आणि शॉप फ्लोअरवरून परत येणारी माहिती जोडली गेली. मग पैशाचा हिशेबही आला, आणि 1980 च्या दशकात या विस्ताराला एमआरपी टू म्हणू लागले.

पैसा आत आला की पुढची पायरी अटळ होती. बार गेटवर आले आणि जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद झाली, तर साठाही वाढतो आणि पुरवठादाराचं देणंही तयार होतं. हे दोन खात्यांनी वेगवेगळं का नोंदवावं? जर्मनीत 1972 मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी एसएपी ही सॉफ्टवेअर कंपनी काढली, तिच्या मुळाशी हाच विचार होता: नोंद एकदाच, घडते त्या वेळी, आणि सगळ्यांना तीच दिसावी. एसएपीचं R/3 हे सॉफ्टवेअर 1992 मध्ये आलं. त्याआधी 1990 मध्ये गार्टनर या संस्थेने या साऱ्याला ईआरपी नाव दिलं होतं. विक्री, खरेदी, पगार, लेखा हे सारं एका डेटाबेसवर आलं. एसएपीच्याच 2015 च्या S/4HANA या सॉफ्टवेअरमध्ये तो डेटाबेस मेमरीतच राहतो, त्यामुळे पूर्वी रात्री चालवायचा एमआरपी रन दिवसाही घेता येतो. मशीनच्या क्षमतेकडे न पाहण्याची सवय मात्र नेहमीच्या रनमध्ये अजून आहे. त्यासाठी नियोजनाचं वेगळं मॉड्यूल लागतं.

कॉलेजात एसएपीची लॅब असेल तर `MD04` हा स्क्रीन उघडा आणि एखाद्या भागाचा कोड टाका. मागणी, येणारा माल आणि शिल्लक तारखेवार दिसेल. ऑर्डरींपुढे सूचनाही असतात: 10 म्हणजे अलीकडे आणा, 15 म्हणजे पुढे ढकला, 20 म्हणजे रद्द करा. त्यातल्या किती ऑर्डरींची सुरुवातीची तारीख आधीच उलटून गेली आहे ते मोजा. अशा ऑर्डरी फार असतील तर लीड टाइम, म्हणजे माल तयार व्हायला किंवा यायला लागणारा वेळ, तरी चुकीचा भरलाय, नाहीतर लेथच्या ताकदीपेक्षा जास्त पंप कबूल केलेत.