आठ आठवडे आणि अकरा महिने

मराठी माणूस आयुष्यातलं पहिलं औपचारिक पत्र लिहितो ते रजेसाठी. ‘मला ताप आल्यामुळे दोन दिवस शाळेत येऊ शकलो नाही. तरी कृपया रजा मंजूर व्हावी ही नम्र विनंती. आपला आज्ञाधारक विद्यार्थी.’ खाली वडिलांची सही. ताप दोन दिवस, म्हणून रजाही दोन दिवस. हा हिशोब डोक्यात इतका पक्का बसलेला असतो, की पस्तिशीत पीएचडीच्या गाईडला मुदतवाढ मागताना मी तोच मांडायला गेले. मांडताना कळलं की तो जुळत नाही. आईचं आजारपण होतं आठ आठवड्यांचं आणि मला मुदत हवी होती अकरा महिन्यांची.

माझा विषय आहे ऊसतोड करणाऱ्या बायकांचा दिवस. त्या किती तास तोडतात, किती वेळ मोळ्या बांधण्यात आणि वाहण्यात जातो, पाणी, स्वयंपाक, लेकरं यांना काय उरतं. बीड जिल्ह्यातली बावीस जोडपी निवडली होती. तिकडच्या भाषेत बावीस कोयते, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायकोची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही, ती ‘कोयत्या’त विरघळते. माझा सगळा अभ्यास खरं तर त्या एका शब्दापाशी सुरू झाला.

आखलेल्या तीन फेऱ्या होत्या. पहिली दिवाळीच्या सुमारास, गाव सोडण्याआधी. दुसरी जानेवारीत कोल्हापूरकडच्या शिरोळ तालुक्यात, हंगाम ऐन भरात असताना, प्रत्येक कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीवर, एक अख्खा दिवस बसून. तिसरी परतीच्या आधी. पहिली झाली. दुसरीसाठी बॅग भरली होती. ८ जानेवारीला बार्शीहून फोन आला, आई देवघरापाशी पडली, तोंड वाकडं झालंय. पक्षाघात, डावी बाजू. बारा दिवस दवाखाना, मग घरी रोज दोनदा व्यायाम: मूठ उघड, मूठ मीट, वाटीतले राजमे एकेक करून ताटलीत टाक. बाबा नाहीत, भाऊ परदेशात. त्यामुळे राजमे मोजायला मीच होते.

६ मार्चला शिरोळला पोचले तेव्हा पट्टा पडून चार दिवस झाले होते. कारखान्याचं गाळप थांबलं की ‘पट्टा पडला’ म्हणतात, आणि मग टोळी एक रात्रही थांबत नाही. कोप्या होत्या तिथे जमिनीवर फिकट चौकोन उरले होते. तीन दगडांच्या चुली, राख, वाळलेलं वाढं, आणि एका ठिकाणी लहान मुलाची एकच चप्पल. मी तिथेच बांधावर बसून मॅडमना पत्र लिहायला घेतलं.

पहिला खर्डा दीड पानाचा झाला. त्यात आईचं ब्लड प्रेशर होतं, एमआरआयचा निष्कर्ष होता, फिजिओथेरपीची वेळ होती, अगदी राजमेसुद्धा. वाचून पाहिलं तर ते पत्र दया मागत होतं आणि कामाबद्दल एक अक्षर सांगत नव्हतं. गाईडला आईच्या आजाराचं एक वाक्य आणि सोबत जोडलेला दाखला पुरतो. तिला ठरवायचं असतं ते वेगळंच: हातात काय आहे, काय गेलं, गेलेल्यातलं काय परत मिळू शकतं.

दुसऱ्या खर्ड्यात मी शहाणपणा केला. आठ आठवडे गेले म्हणून दोन महिनेच मागितले. एप्रिल-मेमध्ये गावी जाऊन ‘जानेवारीत तुमचा दिवस कसा जायचा’ असं विचारून घेऊ. ऐकायला ठीक वाटतं, पण पहिल्या फेरीत मी हाच प्रश्न मागच्या हंगामाबद्दल विचारला होता. उत्तर एकच यायचं, ‘पहाटं उठायचं, तोडायचं, रांधायचं, निजायचं.’ त्याआधीच्या वर्षी चाचणी म्हणून मी एका मावशींच्या कोपीवर एक दिवस बसले होते. त्या दिवशी त्या तीन वाजून चाळीस मिनिटांनी उठल्या होत्या, आणि आदल्या रात्री अकराला ट्रॅक्टर आला म्हणून मध्यरात्रीपर्यंत मोळ्या डोक्यावरून चढवत होत्या. ‘पहाटं’ या एका शब्दात तो ट्रॅक्टर मावत नाही. कालचा दिवस माणूस तासातासाने सांगू शकतो. तीन महिन्यांपूर्वीचा विचारला की तो ‘नेहमीचा दिवस’ सांगतो, आणि तसा दिवस कधी उगवलेलाच नसतो. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणातही आदल्या दिवसाच्या पहाटे चारपासूनचे चोवीस तास विचारले होते, अर्ध्या अर्ध्या तासाचे. (पहाटे चारला दिवस सुरू होतो, हे ऐकून मावशी हसल्या असत्या.)

म्हणजे पुढचा हंगाम गाठल्याशिवाय इलाज नव्हता. त्यातही एक खोच आहे. हेच बावीस कोयते पुन्हा एका टोळीत येणार नाहीत. पावसाळ्यात उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, घेताना कुणी दुसऱ्या मुकादमाकडे जाईल, कुणी कर्नाटकातल्या कारखान्याला. म्हणून पहिल्या फेरीला पुढच्या वर्षीच्या दोन फेऱ्या सरळ शिवता येत नाहीत. सापडतील तेवढ्या कोयत्यांबरोबर तिन्ही फेऱ्या नव्याने करायच्या आणि यंदाची पहिली फेरी तुलनेपुरती ठेवायची.

शेवटी गेलेलं पत्र असं होतं:

‘आदरणीय मॅडम, ८ जानेवारीला आईला पक्षाघात झाला, त्यामुळे ६ मार्चपर्यंत मी बार्शीत होते. दाखला जोडला आहे. दुसरी फेरी झाली नाही. २ मार्चला पट्टा पडल्यामुळे तिसरीही आता होणार नाही. हातात २२ कोयत्यांची पहिली फेरी आणि चाचणीच्या एका दिवसाची नोंद आहे. आठवणीवर आधारित मुलाखतींनी ही पोकळी भरू नये असं मला वाटतं. फील्डवर्कचं प्रकरण ३० जूनऐवजी पुढच्या वर्षी ३१ मेपर्यंत द्यायची परवानगी हवी आहे. मधल्या काळात मुकादम आणि उचल यांवरचं प्रकरण ३१ ऑगस्टपर्यंत देईन, त्याची सामग्री जमलेली आहे. माझं हे चौथं वर्ष आहे. प्रवेशापासून सहा वर्षांच्या मर्यादेत हे बसतं, म्हणून विद्यापीठाकडे नोंदणीची मुदत वाढवून मागत नाही. आपली,’

‘आज्ञाधारक’ लिहून खोडलं.

त्या ओळीतल्या सहा वर्षांसाठी मी यूजीसीचे २०२२ चे नियम पुन्हा वाचले. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळतात आणि बायकांना त्याहून दोन जास्त. पण ती शिल्लक आताच खर्च करायची नव्हती. आईची उजवी बाजू पडायची अजून बाकी आहे, असं मी एकदा भावाला चिडून म्हणाले होते. काळं विनोदी बोलणं, पण हिशोब खरा होता.

मॅडमचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मुदत मान्य, ऑगस्टचं प्रकरण मात्र १५ जुलैला. खाली एक ओळ होती: ‘१२ जानेवारीला तू “आई आजारी आहे, नंतर कळवते” एवढाच मेसेज केलास. हे पत्र तेव्हा आलं असतं तर मी दुसऱ्या कुणाला तरी कोपीवर बसवलं असतं.’

ते मात्र खरं होतं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मला वाटत होतं की आधी आई बरी होऊ दे, मग नीट लिहीन. नीट लिहायची सवड मिळाली तेव्हा ऊस संपला होता.

मावशींना फोन लावला. पलीकडे म्हैस ओरडत होती. मी मुदत, प्रकरण, पुढचा हंगाम असं काहीतरी सांगत होते. त्यांनी मध्येच तोडलं, ‘ते असू दे गं. आईचं तोंड सरळ झालं का?’

झालं, म्हटलं. बरंचसं.

‘मग आखाडात ये. उचल कुणाची घ्यायची ते ठरंल तवा.’