दोन कंपन्या, शून्य टीडीएस आणि 31,200 रुपये

नागपुरात सीताबर्डीच्या आमच्या ऑफिसात जुलै 2025 मध्ये एक मुलगा आईला घेऊन आला. पहिल्या नोकरीत लागलेल्या मुलांसाठी आयकर रिटर्न भरायचा एक छोटा व्हिडिओ आम्ही करणार होतो, त्याची स्क्रिप्ट मी त्याच दिवशी लिहीत होते. शेवटी ती स्क्रिप्ट त्याच्याच केसवर बेतली, कारण नव्या मुलांना नेमकं जिथं अडायला होतं ते सगळं तिच्यात होतं.

एप्रिल 2024 मध्ये तो पहिल्या कंपनीत लागला, महिना 60,000 रुपयांवर. ऑक्टोबरपासून मिहानमधल्या दुसऱ्या कंपनीत, महिना 85,000. पगार आणि त्यातून कापलेला कर दाखवणारा कंपनीचा दाखला, म्हणजे फॉर्म 16, हातात एकच होता, दुसऱ्या कंपनीचा, आणि त्यावर कर शून्य. "मॅडम, पहिल्या कंपनीनं फॉर्म 16 दिलाच नाही, म्हणजे तो पगार दाखवायचा नसतो ना?" त्यानं विचारलं.

दाखवायचाच असतो. पगारातून कर, म्हणजे टीडीएस, कापलाच नसेल तर फॉर्म 16 द्यायचं कंपनीवर बंधन नाही, पण त्यामुळे पगार करमुक्त होत नाही. म्हणून पहिली पायरी फॉर्म 16 ची वाट पाहण्याची नाही, पूर्ण वर्षाचा पगार मांडण्याची. एप्रिल ते मार्चच्या पे-स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट आणि आयकर पोर्टलवरचं एआयएस, म्हणजे आपल्या उत्पन्नाचं वार्षिक विवरण, समोर ठेवायचं. दोन्ही पगारांची बेरीज झाली 8,70,000. एआयएसमध्ये बचत खात्याचं 5,000 रुपये व्याजही होतं, ते नवे लोक हमखास विसरतात.

पुढची पायरी करप्रणालीची. नवी प्रणाली आपोआप निवडलेली असते. तो घरीच राहतो, घरभाडं नाही, मोठी गुंतवणूक नाही, त्यामुळे जुनीचा विचार लगेच संपला.

मग हिशोब. 8,75,000 मधून 75,000 ची प्रमाणित वजावट गेली, उरले 8,00,000. त्या वर्षी पहिल्या तीन लाखांवर कर नव्हता, तीन ते सात लाखांवर 5 टक्के म्हणजे 20,000, आणि वरच्या एका लाखावर 10 टक्के म्हणजे 10,000. त्यावर 4 टक्के सेस. एकूण 31,200.

"कंपनीनं कापला नाही, तर हा टॅक्स आला कुठून?" आईनं विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. पहिल्या कंपनीनं 60,000 च्या हिशोबानं वर्षाचा अंदाज धरला, 7,20,000. वजावटीनंतर 6,45,000. सात लाखांच्या आत म्हणून कलम 87ए ची सूट, कर शून्य. दुसरीला फक्त आपले सहा महिने माहीत, 5,10,000. तिथंही वजावट दिली, सूट दिली, कर शून्य. दोघींचं गणित आपापल्या जागी बरोबर होतं. पण वजावट वर्षाला एकदाच मिळते, आणि एकत्र उत्पन्न सात लाखांवर गेलं की ती सूट जाते. नव्या कंपनीत रुजू होताना जुन्या पगाराचा तपशील फॉर्म 12बी मध्ये दिला असता, तर दर महिन्याला थोडा थोडा कर कापला गेला असता. 2025-26 पासून ही सूट मिळण्याची मर्यादा 12 लाख झाली आहे, पण वजावटीनंतर दोन पगारांची बेरीज तिच्यावर गेली की हेच घडतं.

आगाऊ कर न भरल्याचं 234बी आणि 234सी खाली 2,820 रुपये व्याज लागलं. रिटर्नची मुदत 15 सप्टेंबरपर्यंत वाढली होती, म्हणून तो थांबायला तयार होता. मी थांबू दिलं नाही. मुदत वाढली तरी 234बी चं व्याज थांबत नाही, त्याला दर महिन्याला आणखी 312 रुपये पडले असते.

एकूण 34,020 रुपये रिटर्नआधी भरायचे होते. पोर्टलवर `e-Pay Tax` मध्ये गेलो. इथं सगळ्यात जपून काम करायचं. 2024-25 च्या कमाईचं आकारणी वर्ष `2025-26` असतं आणि प्रकार `Self-Assessment Tax`. वर्ष चुकलं तर पैसे जातात, पण रिटर्नमध्ये ते जमा दिसत नाहीत. चलनावरचा बीएसआर कोड आणि अनुक्रमांक जपून ठेवला.

मग आयटीआर-1. आधीच भरून आलेल्या रकान्यांत फक्त दुसऱ्या कंपनीचा पगार होता. तो वाढवून पूर्ण केला, व्याज लिहिलं, चलन जोडलं. देय कर शून्य दिसला तेव्हाच सबमिट केलं.

तो उठायला लागला, त्याला पुन्हा बसवलं. सबमिटनंतर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय केलं नाही, तर नंतर ज्या दिवशी व्हेरिफाय कराल तीच रिटर्न भरल्याची तारीख धरतात. आधारला जोडलेला मोबाइल आईच्या पर्समध्ये होता. तिनंच ओटीपी वाचून दाखवला. नंतर रिटर्न तपासल्याची विभागाची कलम 143(1) ची सूचना त्याच्या ईमेलवर आली. आमचा आणि विभागाचा आकडा जुळला होता, मागणी शून्य.