शेवटची पाच मिनिटं आणि माझ्या तीन चुका

स्पर्धा परीक्षेच्या वर्णनात्मक मराठीची तयारी करताना नौपाड्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे मी दर रविवारी निबंधाची चाचणी द्यायचे. वेळ एक तास, शब्द साधारण सहाशे, सगळं हाताने लिहायचं. पहिल्याच निबंधाची वही परत आली तेव्हा त्यात लाल शाईच्या ३१ खुणा होत्या. मला धक्का बसला, कारण शेवटची पाच मिनिटं राखून मी अख्खा निबंध परत वाचला होता आणि त्यातली एकही चूक मला दिसली नव्हती.

बाई म्हणाल्या, "अगं, तू वाचत नाहीस, तू आठवतेस. काय लिहायचं होतं ते डोक्यात ताजं आहे, तेच डोळ्यांना दिसतं. असं नुसतं परत वाचून काही सापडायचं नाही. आधी या ३१ खुणांची वर्गवारी करून आण."

घरी बसून ती केली. तब्बल २५ खुणा तीनच प्रकारांत बसल्या. पहिला, अनेकवचनी सामान्यरूपावरचा गाळलेला अनुस्वार. दुसरा, मूळ शब्दातला दीर्घ इकार-उकार प्रत्यय लागल्यावरही दीर्घच ठेवणं. तिसरा, 'ने-नी' असलेल्या लांब वाक्यात क्रियापद चुकणं. उरलेल्या सहा चुका एकेकट्या होत्या, त्या मी सोडून दिल्या. आणखी एक गोष्ट लक्षात आली: निम्म्याहून जास्त खुणा शेवटच्या दीड पानात होत्या, म्हणजे हात दमल्यावरच्या.

तेव्हापासून चाचणी सुरू झाली की कच्च्या कामाच्या पानावर आधी तीन शब्द लिहायचे: टिंब, पूल, ने. पंचावन्नाव्या मिनिटाला पेन थांबवायचं, मग समारोपाचं एखादं वाक्य राहिलं तरी चालेल. वाचायला सुरुवात शेवटच्या पानापासून, आणि एका फेरीत एकच चूक शोधायची.

टिंबाच्या फेरीत अर्थाकडे बघायचंच नाही. ना, नी, चा, मध्ये, साठी असे शेवट दिसले की नजर त्याच्या आधीच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायची आणि विचारायचं, हे एक आहे की अनेक? 'शेतकऱ्याना' असं एकवचन नसतंच, तिथे 'शेतकऱ्यांना'च हवं. आदरार्थी अनेकवचनालाही हेच लागू, म्हणून 'राज्यपालांना'. पुलाच्या फेरीत पूल-पुलाचा, मूल-मुलांना, गरीब-गरिबाला असे शब्द. तिसऱ्या फेरीत 'ने' किंवा 'नी' वर बोट ठेवायचं, दुसरं बोट क्रियापदावर, आणि मधल्या कर्माशी त्या क्रियापदाचं लिंग-वचन जुळतं का ते बघायचं.

ठाण्यातल्या तलावांवरच्या निबंधातलं माझं एक वाक्य असं होतं: 'विद्यार्थ्यानी पूलाजवळच्या तलावातील पाण्याची, माशांची आणि तेथे येणाऱ्या पक्ष्यांची माहिती गोळा केले.' पहिल्या फेरीत 'विद्यार्थ्यांनी' झालं, दुसऱ्या फेरीत 'पुलाजवळच्या'. 'केले' मात्र तिसऱ्या फेरीतच सापडलं. 'माहिती' हे कर्म 'विद्यार्थ्यांनी'पासून इतकं लांब गेलं होतं की लिहिताना त्याचं स्त्रीलिंग विसरून गेले होते. 'माहिती केली' एवढं जोडून म्हटलं की कान लगेच सांगतो.

दुसऱ्या फेरीने मला एकदा चांगलंच फसवलं. घाईत मी बरोबर लिहिलेलं 'परीक्षेत' खोडून 'परिक्षेत' केलं, 'शरीराला'चं 'शरिराला' केलं. प्रत्यय लागला की ऱ्हस्व, एवढंच डोक्यात होतं. पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले तत्सम शब्द या नियमाला अपवाद आहेत, त्यांचं मूळ रूप प्रत्ययाआधीही टिकतं. बाईंनी त्या दोन शब्दांपुढे काही न लिहिता फक्त माझी खाडाखोड गोल केली. मग यादीत मी भर घातली: पूल, मूल, फूल असे घरातले शब्द असतील तरच हात लावायचा, परीक्षा, शरीर, समूह असं काही दिसलं की पुढे जायचं. खात्री नसेल तर पहिलं लिहिलेलं तसंच ठेवायचं.

वेळेची वाटणी दोन मिनिटं टिंबाला, दोन 'ने'ला आणि एक पुलाला अशी बसली. टिंबाच्या चुका सर्वांत जास्त आणि दुरुस्तीला एक ठिपका पुरतो, म्हणून ती फेरी आधी. खोडताना एकच आडवी रेघ मारायची, शब्द वर स्वच्छ लिहायचा. या पाच मिनिटांत वाक्य नव्याने मांडायला जायचं नाही. एकदा मी तसं केलं आणि अर्धं वाक्य खोडलेलं असतानाच वेळ संपली.

आठव्या रविवारी बाईंनी वही परत दिली तेव्हा लाल खुणा नऊ होत्या. टिंबाची त्यांत एकही नव्हती. नऊपैकी चार ठिकाणी मात्र मी 'आणि' दीर्घ लिहिला होता. पुढच्या रविवारी कच्च्या पानावर 'पूल'च्या शेजारी 'आणि' लिहिलं.