पाच विरुद्ध पाच

रविवारची गोष्ट आहे, आज गुरुवार, अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

मी नाशिकला मुलांना चेस शिकवतो, सिडकोत संध्याकाळचे क्लास असतात. स्पर्धेच्या दिवशी कोचचं काम काय असतं हे बाहेरच्यांना माहीत नसतं. राउंड सुरू झाला की कोच बाहेर. दोरीच्या पलीकडून मान लांब करून जेवढं दिसेल तेवढं बघायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही, चेहऱ्यावरसुद्धा काही दिसू द्यायचं नाही कारण मुलं वळून वळून चेहराच वाचतात. आणि शेजारी पालक. ग्रँडमास्टर विदित गुजराथी आपल्या नाशिकचा, त्यामुळे इथल्या प्रत्येक पालकाला आपलं पोरगं त्याच वाटेवर दिसतं, त्यात वाईट काही नाही, पण मग ते फक्त रिझल्ट विचारतात, गेम कोणीच विचारत नाही.

तर शेवटचा राउंड, माझा सातवीतला मुलगा पांढऱ्याकडून. हत्ती, घोडे सगळं कापलं जाऊन नुसता राजा-प्याद्यांचा शेवट उरला होता. पोझिशन सांगतो, घरी पट मांडून बघा. पांढरा राजा डी४, प्यादी ए२, बी२, एफ४, जी३, एच४. काळा राजा डी६, प्यादी ए७, ई६, एफ५, जी६, एच५. चाल पांढऱ्याची.

दोघांची पाच-पाच प्यादी. राजे समोरासमोर, मध्ये एक घर, आणि चाल आपली म्हणजे ऑपोझिशन काळ्याकडे. पोरानं राजा सी४ ला नेला, काळा सी६ ला आला. परत डी४, परत डी६. असं दोनदा झालं, तिसऱ्यांदा तीच पोझिशन आली आणि यानं मान वर करून ड्रॉ विचारला, समोरच्यानं लगेच हात पुढे केला. मी दोरीला धरून उभा होतो आणि मला बी४ दिसत होतं, पहिल्यांदा डी४-डी६ झालं तेव्हापासून दिसत होतं. अर्धा गुण तिथे गेला, पण ते सोडा.

बाहेर आल्यावर मी विचारलं, अरे बी४ का नाही खेळलास? तो म्हणाला, "सर, ऑपोझिशन त्याच्याकडे होतं ना. प्यादी पण सेम. तुम्हीच सांगितलं होतं, ऑपोझिशन नसेल तर राजा पुढे जात नाही."

खरंच सांगितलं होतं, आदल्याच आठवड्यात, दोन तास तेच घेतलं होतं. त्यानं माझा धडा तंतोतंत पाळला.

आता ही पोझिशन ड्रॉ का नाही ते नीट सांगतो कारण मुद्दा तिथेच आहे. प्यादी पाच-पाच असली तरी बाजू वेगळ्या करून मोजा. क्वीन साइडला आपली दोन, त्याचं एक. किंग साइडला आपली तीन, त्याची चार. म्हणजे मेजॉरिटी दोघांकडे आहे, पण त्याची चालतच नाही. चारातलं पुढे काढण्यासारखं प्यादं ई६, त्याच्यासमोर ई फाइलवर आपलं प्यादं नाही, पण ते ई५ ला आलं की आपलं एफ४ त्याला खातं, वर शह, आणि आपलंच ई५ चं पास पॉन तयार होतं, पुढे त्याला अडवायला शत्रूचं एकही प्यादं नाही. बाकीची तीन आपल्या तिघांनी अडकवून ठेवलेली. त्याची चार प्यादी आपल्या तिघांनी बांधलीत, आणि आपली दोन त्याच्या एकासमोर मोकळी आहेत.

शिवाय काळ्या राजाला डी६ सोडता येत नाही. तो सी६ ला गेला की आपला राजा ई५, तो डी७ ला येऊन ई६ वाचवतो, आपण एफ६, आणि जी६ पडलं. मग एच५ पण पडतं, आपलं एच प्यादं सुटतं, त्याला कोणी थांबवू शकत नाही. म्हणजे त्याचा राजा खिळलेला, आणि प्याद्याच्या नुसत्या वेळ काढायच्या चाली शिल्लक आहेत त्या ए७ च्या, ए६ आणि ए५, बस्स. ऑपोझिशन त्याच्याकडे आहे ते तेवढ्या चाली टिकेपर्यंतच.

म्हणून बी४. दोघांपैकी ज्याच्या समोरच्या फाइलवर शत्रूचं प्यादं नाही ते पास पॉनचं उमेदवार, ते आधी पुढे. काळ्यानं ए५ केलं तर बी४ नं खायचं, ए फाइलवर पास पॉन मिळालं, त्याचा राजा तिकडे गेला की आपण ई५ ला. ए६ केलं तर आपण ए४. आता त्यानं ए५ केलं की बी५! आणि ते बी५ बघा, ए४ नं धरलेलं, पुढे कोणी नाही, खरोखरचं राखलेलं पास पॉन, त्याला हात लावता येत नाही. आणि चाल काळ्याची. प्याद्यांच्या चाली संपल्या, आता राजा हलवावाच लागणार, आणि हलला की हरला. मला या खेळात सर्वात सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे, काही मारलं नाही, काही धमकी दिली नाही, फक्त समोरच्याच्या चाली संपल्या.

मी तिथेच पायरीवर पट मांडून हे सगळं दाखवलं. पोरगं गप्प बसून बघत होतं, मग त्यानं विचारलं, "सर, बी४ ऐवजी आधी ए४ खेळलो असतो तर?" मी म्हटलं चूक, ए४ ला तो ए५ करणार, मग एका प्याद्यानं दोघांना धरलं, बी४ केलंस की तो खाणार आणि त्यालाही पास मिळणार. नियम सांगून मोकळा झालो. मागे त्याची आई, "सर, निघायचं का, उशीर होतोय."

रात्री घरी आल्यावर झोप येईना, परत पट मांडला. ए४, ए५. आणि मग बी४ नाही, नुसतं बी३. बी२ वरचं प्यादं अजून हललं नव्हतं ना, एक फुकट चाल हातात होती. आता चाल काळ्याची आणि ए प्यादं संपलेलं. राजा सी६ ला गेला तर आपण ई५, मागे गेला तर आपण सी५. जिंकलो. म्हणजे ए४ चूक नव्हतीच! उमेदवार आधी हा नियम चांगला आहे, बहुतेक वेळा वाचवतो, पण इथे जिंकवत होत्या त्या उरलेल्या चाली, आणि मी पोराला तेच मोजायला शिकवलं नव्हतं. आधी ऑपोझिशनचं अर्धं सांगितलं, मग उमेदवाराचं अर्धं सांगितलं, दोन्ही वेळा त्यानं विश्वास ठेवला.

आपल्या क्लासेसमध्ये, माझ्या धरून, ओपनिंगवर महिने जातात, कारण पालकांना पंधरा चाली पाठ दिसतात, आणि प्याद्यांचा शेवट एका रविवारी उरकला जातो, हे मला आता पटत नाही.

सोमवारी त्याच्या आईच्या फोनवर व्हॉइस मेसेज पाठवला, त्याला सांगा की सर चुकले, ए४ पण जिंकतं, ए५ नंतर बी३ बघ. संध्याकाळी क्लासला तो सर्वांत आधी आला, दप्तर न काढता पट मांडला, डी४, डी६, सगळं बरोबर. म्हणाला, "सर, ए४ ला तो ए५ नाहीच खेळला, ए६ खेळला तर?" मी काही बोललो नाही. त्यानं पटाकडे बघितलं, बी२ चं प्यादं उचललं आणि बी४ वर ठेवलं, "मग कालचंच झालं की."