दहा हजार जानेवारी: डॉलरच्या एका वार्षिक बिलाचे अंदाजपत्रक

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याचे हिशेब मी सांभाळते. आमच्या जॅकार्ड मागांची नियंत्रण प्रणाली आणि डिझाइनचे सॉफ्टवेअर परदेशी कंपनीचे असल्यामुळे त्यांच्या देखभाल कराराचे ४०,००० डॉलर दरवर्षी १० जानेवारीच्या सुमारास भरावे लागतात. आम्ही स्वतः निर्यात करत नाही. माल मुंबईच्या निर्यातदाराला रुपयांत विकला जातो, म्हणून डॉलर महागला तर त्याची भरपाई करणारी आवक आमच्याकडे नाही. अंदाजपत्रक मात्र मार्चअखेर ठरते, म्हणजे साडेनऊ महिन्यांनंतरच्या दराचा आकडा तेव्हाच लिहून द्यावा लागतो.

आधीच्या वर्षांत मी त्या दिवसाच्या दरात दोन रुपये मिळवून आकडा लिहीत असे. दोनच का, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मार्च २०२४ मध्ये मी ठरवले की एक आकडा लिहिण्याऐवजी जानेवारीतील दराच्या हजारो शक्यता संगणकावर काढायच्या, त्या चढत्या क्रमाने लावायच्या आणि त्यातून खालची व वरची मर्यादा घ्यायची. यालाच माँटे कार्लो सिम्युलेशन म्हणतात आणि त्यासाठी साधी स्प्रेडशीट पुरते.

डॉलरचा संदर्भ दर फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया, म्हणजेच एफबीआयएल, ही संस्था कामकाजाच्या दर दिवशी जाहीर करते. जुलै २०१८ पूर्वी तो रिझर्व्ह बँक स्वतः ठरवीत असे. मी आधीच्या एका वर्षाचे दर उतरवून घेतले, रोजचा टक्केवारीतील बदल काढला आणि त्या बदलांचे प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीभोवती किती पसरतात याचे माप, वर्षाच्या मापात आणले. उत्तर आले सुमारे २ टक्के. साडेनऊ महिन्यांसाठी ते सुमारे १.८ टक्के होते, कारण चढ-उतार काळाच्या नव्हे तर काळाच्या वर्गमूळाच्या पटीत वाढतात. तेव्हाचा दर होता ८३.३७. त्यावरून काढलेल्या हजारो शक्यतांपैकी मधल्या ९० टक्के शक्यता साधारण ८०.९५ ते ८५.८५ या पट्ट्यात बसल्या, म्हणजे रक्कम ३२.३८ ते ३४.३४ लाख रुपये. पट्टा नीटनेटका होता आणि तो पाहून मला समाधानही वाटले.

आमचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी कागद पाहिला आणि विचारले, "ताई, २०१३ च्या ऑगस्टमध्ये मी मशिनचे पैसे भरले होते. त्या महिन्यात काय झालं होतं, ते तुमच्या या आकड्यांना माहीत आहे का?" माहीत नव्हते. मे २०१३ च्या सुरुवातीला ५४ च्या आसपास असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८ च्या वर गेला होता. माझ्या गणिताच्या नजरेने पाहिले तर अशी घटना अशक्यच होती. दोष गणिताचा नव्हता. मी त्याला रुपया विलक्षण शांत असलेले एकच वर्ष दाखवले होते. त्या काळात रिझर्व्ह बँक डॉलरची खरेदी-विक्री करून दर एका अरुंद वाटेवर ठेवत होती. शांत वर्षातून उचललेले दहा हजार नमुनेसुद्धा शांतच राहतात. नमुन्यांची संख्या वाढवल्याने आकडा स्थिर होतो, खरा होत नाही.

म्हणून मी एप्रिल २०१२ ते मार्च २०२४ अशी बारा वर्षे घेतली, सुमारे २,९०० दिवसांचे दर. आता वार्षिक चढ-उतार सुमारे साडेपाच टक्के आला, पहिल्यापेक्षा अडीचपटीहून अधिक. घंटाकृती वक्रातून काल्पनिक बदल काढण्याऐवजी प्रत्यक्ष घडलेल्या बदलांचेच तुकडे पुन्हा जोडावेत असेही मी ठरवले. एकेक सुटा दिवस उचलला तर २०१३ चा ऑगस्ट विखुरला जातो. वाईट दिवस मात्र एकामागून एक येतात आणि तीच त्यांची खरी धास्ती असते. एप्रिलपासून १० जानेवारीपर्यंत कामकाजाचे सुमारे १९० दिवस होतात, म्हणून १९ दिवसांचा एक तुकडा असे दहा तुकडे जोडले.

स्प्रेडशीटमध्ये B स्तंभात दर असतील, तर D स्तंभात १९ दिवसांचा बदल येतो. F ते O या दहा स्तंभांत यादृच्छिकपणे उचललेले तुकडे येतात आणि P मध्ये त्या प्रयत्नातील जानेवारीचा दर मिळतो. अशा १०,००० ओळी खाली ओढायच्या.

```
D2:  =LN(B21/B2)
F2:  =INDEX($D$2:$D$2880,RANDBETWEEN(1,2879))
P2:  =83.37*EXP(0.013+SUM(F2:O2)-10*AVERAGE($D$2:$D$2880))
     =PERCENTILE($P$2:$P$10001,0.8)
```

तिसऱ्या ओळीतील दोन गोष्टींवर माझा सर्वांत जास्त वेळ गेला. बारा वर्षांत डॉलर ५१ वरून ८३ वर गेला, म्हणजे वर्षाला सुमारे चार टक्के वाढ या तुकड्यांतच दडलेली आहे. ती तशीच ठेवली तर आपण नकळत असे गृहीत धरतो की पुढेही तेवढीच वाढ होईल. म्हणून तुकड्यांची सरासरी वजा करून फक्त चढ-उतार ठेवला. मग मध्यबिंदू कुठे धरायचा? बँकेतील परकीय चलन विभागाच्या अधिकाऱ्यांनी फॉरवर्ड प्रीमियम वापरायला सुचवले. भारत आणि अमेरिका यांच्या व्याजदरांतील फरकामुळे पुढच्या तारखेचा डॉलर आजच्यापेक्षा थोडा महाग मिळतो. तेव्हा हा प्रीमियम वर्षाला दीड ते पावणेदोन टक्के होता आणि साडेनऊ महिन्यांचे झाले सुमारे १.३ टक्के. हे भाकीत नव्हे, हे त्यांनी दोनदा सांगितले. पण तो दर बँक आजच लेखी देऊ शकते. माझ्या मनातल्या दोन रुपयांपेक्षा तो आधार मला जास्त पटला.

एक व्यावहारिक अडचण अशी की शीटमधील कोणत्याही चौकटीला हात लावला की सगळे आकडे नव्याने निघतात. अण्णांना सकाळी दाखवलेला आकडा दुपारी वेगळा दिसला तर पुढचे बोलणेच संपते. १,००० ओळी असताना वरच्या टोकाचा, म्हणजे ९५ व्या पर्सेंटाइलचा दर, ज्याच्या खाली शंभरातील ९५ शक्यता येतात, प्रत्येक वेळी २५ ते ३० पैशांनी हलत होता आणि ४०,००० डॉलरवर तो फरक दहा-बारा हजार रुपयांचा होता. १०,००० ओळींवर हलणे नऊ-दहा पैशांवर आले. त्यानंतर मी सगळा तक्ता फक्त मूल्ये म्हणून चिकटवून गोठवला आणि तारीख टाकून ठेवला.

नवा पट्टा आला साधारण ७८ ते ९१.५०. मध्य ८४.४५ च्या आसपास आणि ८० वा पर्सेंटाइल सुमारे ८८. हा पट्टा इतका रुंद होता की तो दाखवायला मला संकोच वाटला. तो फाजील भित्रा आहे की काय, हे पाहण्यासाठी मी मागे जाऊन तपासले. २०१२ ते २०२३ पर्यंतच्या प्रत्येक मार्चअखेरचा दर घेऊन पुढच्या जानेवारीचा दर त्याच्याशी ताडून पाहिला. शांत वर्षाचा तीन टक्क्यांचा पट्टा वारंवार फाटत होता: मार्च २०१३ मधील ५४.३९ वरून पुढच्या जानेवारीत ६२ च्या जवळ, मार्च २०१८ मधील ६५ वरून साडेसत्तरच्या आसपास, मार्च २०२२ मधील ७५.८१ वरून ८२ च्या जवळ. आठ टक्क्यांच्या रुंद पट्ट्यात यापैकी फक्त २०१३ स्पष्टपणे बाहेर पडले, तर उरलेली दोन वर्षे काठावर आली. ९० टक्क्यांचा पट्टा बारा वर्षांत एखाद्या वेळी चुकणे अपेक्षितच आहे. एकदाही चुकला नसता तर मला उलट शंका आली असती. अर्थात हीच बारा वर्षे मी तुकड्यांसाठीही वापरली होती, त्यामुळे ही परीक्षा थोडी सोपीच होती, हे मान्य करायला हवे.

७८ ते ९१.५० एवढ्यावर अंदाजपत्रक होत नाही. तरतुदीची एक रक्कम लागतेच. अण्णांचे गणित सरळ होते: पैसे उरले तर ते बँकेत पडून राहतील, कमी पडले तर जानेवारीत कॅश क्रेडिटमधून काढून त्यावर व्याज भरावे लागेल आणि त्याच सुमारास सूत खरेदीचेही पैसे द्यायचे असतात. म्हणून मध्याचा दर, म्हणजे ३३.७८ लाख, खर्चाच्या ओळीत लिहिला आणि ८० व्या पर्सेंटाइलपर्यंतचा फरक, सुमारे १.४२ लाख, वेगळी राखीव रक्कम म्हणून दाखवला. बँकेचा विक्रीदर संदर्भ दरापेक्षा आम्हाला साधारण ३५ पैशांनी जास्त पडतो, म्हणून आणखी १४,००० रुपये धरले. हा फरक सिम्युलेशनमध्ये येत नाही आणि विसरायला फार सोपा आहे. रिव्हर्स चार्जखाली, म्हणजे परदेशी विक्रेत्याऐवजी आम्हालाच, भरावा लागणारा १८ टक्के जीएसटीही डॉलरच्या दरासोबत वाढतो. तो पुढे क्रेडिट म्हणून मिळतो, पण भरताना रोख लागते, म्हणून तो खर्चात न धरता रोख प्रवाहाच्या तक्त्यात त्याच पट्ट्यासह मांडला.

हा तक्ता एकदाच करून ठेवायचा नसतो, हे सप्टेंबरअखेरीस लक्षात आले. दर ८३.७९ होता, म्हणजे सहा महिन्यांत फारसा हललाच नव्हता आणि उरले होते जेमतेम साडेतीन महिने. तोच तक्ता साडेतीन-पावणेचार तुकडे धरून चालवला तेव्हा ८० वा पर्सेंटाइल ८८ वरून सुमारे ८६.३० वर उतरला. राखीव रकमेतील ६८,००० रुपये मोकळे झाले आणि ते रंगाई विभागाच्या दुरुस्तीला गेले. ते सोडताना हात जरा थरथरला, कारण याच शांततेने मार्चमध्ये मला फसवले होते. फरक एवढाच की या वेळी उरलेला काळ कमी होता आणि चढ-उतार मात्र बारा वर्षांचाच धरला होता.

जानेवारी २०२५ च्या दहा तारखेला संदर्भ दर ८६ च्या आसपास होता. बँकेचा फरक धरून आम्हाला ३४.५४ लाख रुपये लागले आणि तरतूद होती ३४.६६ लाखांची. मार्चमधील माझा पहिला पट्टा ८५.८५ ला संपत होता, म्हणजे तो फाटलाच असता. अण्णा खूश झाले. मी त्यांना सांगितले की एका वर्षी आकडा बसला म्हणून पद्धत सिद्ध होत नाही आणि पाचातून एखाद्या वर्षी राखीव रक्कम अपुरी पडेलच, कारण ८० वा पर्सेंटाइल आपणच निवडला आहे. त्यावर ते म्हणाले, "मग त्या वर्षी काय करायचं, ते पण लिहून ठेवा."

मार्च २०२५ मध्ये दर ८५.५८ असताना नवा तक्ता काढला, तेव्हा तो प्रश्न कागदावर आला. दर ८० व्या पर्सेंटाइलच्या रेषेपासून दोन रुपयांवर आला की उरलेल्या डॉलरपैकी निम्मे फॉरवर्डने बांधून टाकायचे, असे ठरले आणि त्या ओळीखाली अण्णांनी सही केली.