बजेटची प्रत्येक ओळ कशासाठी

निधी मागण्यासाठीचा आमचा प्रस्ताव रक्तक्षय असलेल्या ४०० महिलांसाठी होता. सहा महिने दरमहा घरभेट द्यायची, लोहाच्या गोळ्या नियमित घेतल्या जातात का ते पाहायचं, आणि सुरुवातीला व शेवटी हिमोग्लोबिन तपासायचं. बजेटचा तक्ता तयार होता. कोणता खर्च का हवा, हे लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं.

पगारापासून सुरुवात केली, कारण सर्वांत मोठा आकडा तोच होता. तक्त्यात ‘तीन कार्यकर्त्या, सहा महिने’ एवढंच होतं. ‘प्रभावी अंमलबजावणीसाठी आवश्यक’ असं लिहून भागत नाही. तीनच का, दोन का नकोत, हे त्यातून कळत नाही. म्हणून मी कामापासून पगारापर्यंत मोजत आले. महिन्याला ४०० भेटी, जाण्यायेण्यासह प्रत्येकीला पाऊण तास, म्हणजे ३०० तास. नोंदी, बैठका, रजा वगळता एका कार्यकर्तीकडे भेटींसाठी साधारण १०० तास उरतात. म्हणून तिघी. पुढे लिहिलं, की गोळ्या मध्येच सुटू नयेत यासाठी या भेटी आहेत आणि किती जणींनी सहा महिने पूर्ण केले हे भेटींच्या नोंदींवरून कळेल. प्रवासखर्चही याच २,४०० भेटींवर काढला, वेगळा आकडा आणला नाही.

तपासणीच्या पट्ट्यांचं तसंच. ४०० महिला, दोन वेळा, म्हणजे ८००. वाया जाणाऱ्या धरून दहा टक्के जास्त, ८८०. हिमोग्लोबिन वाढलं का, हे प्रस्तावातलं मुख्य फलित याच ओळीवर उभं असतं. ती कापली तर कार्यक्रम चालेल, पण त्याचा परिणाम झाला की नाही हे सांगता येणार नाही. हे मी स्पष्ट लिहिलं.

लेखापरीक्षणाचा खर्च मात्र कुठल्याच उपक्रमाला चिकटत नव्हता. ओढूनताणून ‘महिलांचं आरोग्य सुधारण्यासाठी’ असं लिहिलं, की प्रस्ताव तपासणाऱ्याचा बाकीच्या ओळींवरचा विश्वासही जातो, असं माझं मत आहे. तिथे फक्त वाटणीचा आधार दिला: संस्थेच्या एकूण खर्चात या प्रकल्पाचा जितका हिस्सा, तितकाच लेखापरीक्षणाचा भार.

शेवटी उलटं वाचन केलं. कार्ययोजनेतला एकेक उपक्रम घेऊन त्याचा खर्च तक्त्यात शोधला आणि तक्ता, कार्ययोजना व मजकूर या तिन्हींत ४००, २,४०० आणि ८८० हेच आकडे आहेत ना, ते पाहिलं. एका ठिकाणी महिला वाढवल्या आणि दुसरीकडे तसंच राहिलं, तर सगळी मांडणी अंदाजाने केल्यासारखी दिसते.

निधी देणाऱ्यांनी एक पद कमी करायला सांगितलं, तेव्हा उत्तर मजकुरातच होतं. दोघींचे २०० तास म्हणजे महिन्याला फार तर २६६ भेटी. महिला कमी करायच्या की भेटी दीड महिन्याने एकदा, एवढंच आम्ही त्यांना विचारलं. त्यांनी २६० महिला ठरवल्या. पट्ट्यांची ओळ त्याच हिशेबाने ५७२ वर आली.