दुबईला जाण्याआधी: दिरहम, कार्ड आणि फोन

आमच्या घरातून परदेशी पहिल्यांदाच कोणी जाणार होतं: मी, बायको आणि आई. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या ट्रॅव्हल एजन्सीने निघण्याआधी सगळ्या प्रवाशांना बोलावून दोन तास माहिती दिली. तिथल्या ताईंनी निम्म्याहून जास्त वेळ पैशांवर घालवला, आणि ते योग्यच होतं. कारण फिरायचं काय ते एजन्सी बघते, पैशांचं मात्र आपल्यालाच बघावं लागतं.

ताईंनी पहिलंच सांगितलं, "कमिशन किती असं विचारू नका. 4000 दिरहम हातात पडेपर्यंत एकूण किती रुपये जातील, तेवढंच विचारा." मी दोन ठिकाणी विचारलं. एकाने "कमिशन शून्य" सांगितलं, पण भाव 24.55 लावला, म्हणजे 98,200 रुपये. दुसऱ्याचा भाव 24.20, म्हणजे 96,800. शून्य कमिशनवाल्याकडे 1400 रुपये जास्त जात होते, कारण त्याची कमाई भावातच होती. जीएसटी दोन्हीकडे लागतो, पण तो पूर्ण रकमेवर नसतो. लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा 1 टक्का धरतात आणि त्यावर 18 टक्के. आमच्या रकमेला ते साधारण 174 रुपये झाले. पासपोर्ट, पॅन, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती दिल्या, परकीय चलन घेताना लागणाऱ्या ए-2 फॉर्मवर सही केली. परकीय चलन घेताना 50,000 रुपयांच्या वर रोख देता येत नाही, म्हणून पैसे खात्यातून पाठवले. दिरहमच्या नोटा कोल्हापुरात लगेच मिळतीलच असं नाही, म्हणून आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं.

त्यातले 1200 दिरहम नोटांत घेतले, 2800 फॉरेक्स कार्डवर, म्हणजे आधी परकीय चलन भरून मग वापरायच्या कार्डवर भरले. कार्ड दिरहमचंच घेतलं. डॉलरचं कार्ड दुबईत वापरलं की डॉलरचे दिरहम करताना बहुतेक कार्डं वेगळा आकार लावतात.

कार्ड असूनही पैसे जातात कसे, हे एका दुकानात बघायला मिळालं. बिल 185 दिरहमचं. मशीनवर दोन पर्याय आले: AED 185.00 आणि त्याखाली INR 4,720. कार्ड भारतातल्या बँकेचं आहे हे मशीन ओळखतं आणि रुपयांत पैसे घेऊ का म्हणून विचारतं. आकडा ओळखीचा वाटतो, म्हणून बोट तिकडेच जातं. पण आमच्या भावाने 185 दिरहमचे 4,477 रुपये होतात. शिवाय कार्डात दिरहम असल्यामुळे रुपये निवडले की बदल दोनदा होतो, एकदा दुकानाच्या मशीनमध्ये आणि एकदा कार्डाच्या बँकेत. दुकानदाराने मशीन पुढे केलं तेव्हा बायकोने AED वर बोट ठेवलं. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, आणि उत्तरही हेच.

हॉटेलच्या डिपॉझिटसाठी मात्र फॉरेक्स कार्ड देऊ नका. ती रक्कम अडकवून ठेवतात, आणि खोली सोडल्यावरही ती मोकळी व्हायला बरेच दिवस लागू शकतात. तोवर फिरायचा पैसाच अडकतो. तिथे आम्ही क्रेडिट कार्ड दिलं. नवीन कार्डावर परदेशातला वापर बंदच असतो. तो बँकेच्या अॅपमधून घरूनच चालू करून मर्यादा घालून ठेवली.

फोनचं म्हणाल तर भारतातलं सिम काढून ठेवू नका, ओटीपी त्याच नंबरवर येतो. आम्ही रिचार्जची मुदत परतीच्या पुढची घेतली, रोमिंग चालू ठेवलं आणि त्या सिमचा डेटा बंद ठेवला. इंटरनेटसाठी तिथलं सिम घेतलं. दुबईत व्हॉट्सअॅपवर मेसेज आणि फोटो जातात, पण तिथल्या नेटवर्कवर व्हॉट्सअॅप कॉल लागत नाही. हे आधी कळलं होतं, म्हणून "फोन लागला नाही तर घाबरू नका, मेसेज बघा" असं बाबांना सांगून निघालो.

मुंबईच्या विमानतळावर तीन तास आधी पोचलो. पॉवर बँक हातातल्या बॅगेत हवी, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. आईच्या कांदा-लसूण मसाल्याची गोष्ट त्याहून महत्त्वाची. आपल्या मसाल्यात बहुधा खसखस असते आणि अमिरातीत खसखशीवर बंदी आहे; थोडी आहे, घरची आहे म्हणून ती चालत नाही. ताईंनी हे सांगितल्यावर मसाल्याचा डबा घरीच राहिला. सुकं खोबरंही चेक-इनच्या बॅगेतून काढलं, कारण त्यात तेल असल्याने ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं.

परत आल्यावर उरलेल्या नोटा 180 दिवसांच्या आत बँकेला किंवा चलन बदलून देणाऱ्याला परत द्यायच्या असतात. 2000 डॉलरपर्यंतचं चलन मात्र जवळ ठेवता येतं. आमच्या थोड्या नोटा उरल्या, त्या ठेवल्या. कार्डवरची शिल्लक मात्र काढून घेतली, कारण काही कार्डांवर वापर नसला तरी शुल्क कापलं जातं. ती परत देताना आपल्याला मिळणारा भाव वेगळा असतो, आपण घेतलं त्यापेक्षा कमी. म्हणून कार्डवर सुरुवातीला बेताचं भरलेलं बरं. कमी पडलं तर घरच्या माणसाला इथून पुन्हा भरता येतं का, हे कार्ड घेतानाच विचारून ठेवा.